रशियन क्रियापदांच्या जोड्या मराठीत आणताना

रशियन शिकायला लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हा एका छोट्या चरित्रलेखाचा अनुवाद माझ्याकडे आला. त्यात एक वाक्य होतं, 'ओन द्वा राझा स्दवाल एक्झामिन'. मी बिनधास्त लिहिलं, 'तो दोनदा परीक्षा पास झाला'. तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहून कागद परत पाठवला: 'पास झाला होता तर दुसऱ्यांदा कशाला बसला?'

'स्दात्य' म्हणजे पास होणे हे मला पाठ होतं. 'स्दवात्य' हा त्याचाच जोडीदार, हेही ठाऊक होतं. पण जोडीदार म्हणजे अर्थ तोच, फरक फक्त 'चालू' आणि 'संपलं' एवढाच, असं मी धरून चालले होते. त्या वाक्यात तो माणूस दोनदा परीक्षेला बसला होता, एवढंच सांगितलं होतं. निकालाबद्दल वाक्य गप्प होतं.

या फरकाला रशियनमध्ये 'वीद' म्हणतात. एक 'न्येसव्येर्शेन्नी वीद', म्हणजे अपूर्ण, आणि दुसरा 'सव्येर्शेन्नी वीद', म्हणजे पूर्ण. जवळपास प्रत्येक क्रियापद या दोहोंपैकी एका बाजूला असतंच. वर्गात हे तुम्ही शिकला असाल. ते मराठीत कसं उतरवायचं हे मात्र वर्गात फारसं सांगत नाहीत, म्हणून हा लेख. लिहिण्याच्या सोयीसाठी रशियन शब्द देवनागरीत दिले आहेत. शेवटचा मृदू त मी 'त्य' असा लिहिला आहे, आणि आघात नसलेला 'ओ' बोलताना 'अ'कडे झुकतो म्हणून तो 'अ' लिहिला आहे.

काय लागेल

एक चांगला एकभाषिक रशियन शब्दकोश, म्हणजे रशियन शब्दाचा अर्थ रशियनमध्येच सांगणारा. द्वैभाषिक कोशात जोडी दिलेली असते, पण बऱ्याचदा अर्थ एकाच रूपापाशी लिहून दुसऱ्यापाशी नुसतं 'पाहा' असतं, आणि माझ्यासारखी फसगत तिथेच होते. दुसरं म्हणजे रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, ruscorpora.ru. तो 2004 पासून इंटरनेटवर आहे. त्यात क्रियापदाचं नेमकं रूप टाकलं की ते छापील मजकुरात कसं वापरलंय याची वाक्यं समोर येतात. तिसरी एक वही. चौथी गोष्ट म्हणजे मोठ्याने मराठी वाचून दाखवायला घरातलं कुणीतरी, ज्याला रशियन अजिबात येत नाही. हे गमतीने म्हणत नाही, पुढे कळेल.

1. जोडी जोडीनेच लिहून ठेवा

कोशात क्रियापदापुढे 'несов.' किंवा 'сов.' अशी खूण असते. पहिली अपूर्णाची, दुसरी पूर्णाची. वहीत कधीही एकटं क्रियापद लिहू नका. डावीकडे अपूर्ण, उजवीकडे पूर्ण, आणि दोघांसमोर वेगवेगळं मराठी.

जोड्या कशा बनतात ते थोडक्यात सांगते. कधी पुढे उपसर्ग लागतो: पिसात्य आणि नपिसात्य (लिहिणे), द्येलत्य आणि स्द्येलत्य (करणे). कधी मधला प्रत्यय बदलतो: रिशात्य आणि रिशीत्य (सोडवणे), अत्क्रिवात्य आणि अत्क्रीत्य (उघडणे). कधी दोन्ही शब्दच निराळे असतात: गवरीत्य आणि स्कझात्य (बोलणे, सांगणे), ब्रात्य आणि व्झ्यात्य (घेणे). थोडी क्रियापदं एकाच रूपात दोन्ही कामं करतात, जसं कझ्नीत्य, म्हणजे देहदंड देणे. तिथे आजूबाजूची वाक्यंच सांगतात काय समजायचं ते.

इथला सापळा उपसर्गाचा आहे. उपसर्ग लागला की क्रियापद सहसा पूर्ण होतं हे खरं, पण ते मूळ क्रियापदाचं जोडीदार होतंच असं नाही. 'चितात्य' म्हणजे वाचणे, त्याचा जोडीदार 'प्रचितात्य'. पण 'पचितात्य' म्हणजे थोडा वेळ वाचत बसणे. पुस्तक संपलं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तरी व्याकरणात ते पूर्णच. 'दचितात्य' म्हणजे उरलेलं वाचून संपवणे, 'पिरिचितात्य' म्हणजे पुन्हा वाचणे. ही तिन्ही वेगळी क्रियापदं समजा. वहीत त्यांना वेगळ्या ओळी द्या.

2. 'त होता' म्हणजे अपूर्ण, हे समीकरण खोडून टाका

प्रत्येक नवशिका हे समीकरण मनात धरून येतो: अपूर्ण दिसलं की 'वाचत होता', पूर्ण दिसलं की 'वाचलं'. पहिली दहा वाक्यं ते चालतंही. मग एक वाक्य असं येतं की 'वाचत होता' लिहिल्यावर अर्थाचा बट्ट्याबोळ होतो.

कारण असं. रशियन माणसाला प्रत्येक क्रियापदाला बाजू निवडावीच लागते, सुटका नाही. मराठीत 'मी ते पुस्तक वाचलं' म्हणालं की संपवलं की चाळलं, हे सांगण्याची सक्ती नाही. गरज पडली तर आपण सांगतो, आणि सांगण्याच्या आपल्या वाटा अनेक आहेत: वाचत होतो, वाचायचो, वाचलंय, वाचलं होतं, वाचून झालं, वाचून काढलं. म्हणून कुठलंही रशियन रूप समोर आलं की 'याचं मराठी रूप कोणतं' असं विचारू नका. दोन प्रश्न विचारा. जे करायला घेतलं ते साधलं का? आणि साधलं असेल, तर ते आत्ता शिल्लक आहे का? पुढच्या दोन पायऱ्या म्हणजे हेच दोन प्रश्न.

3. पहिला प्रश्न: साधलं का?

अशी क्रियापदं वेगळी ओळखायला शिका ज्यात धडपड आणि यश या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परीक्षा, गणित, समजूत घालणं, मासे पकडणं, एखादी गोष्ट सिद्ध करणं. यांचं अपूर्ण रूप फक्त धडपड सांगतं आणि पूर्ण रूप यश. म्हणून रशियनमध्ये एकाच वाक्यात दोन्ही सुखाने नांदतात:

'ओन दोल्गा रिशाल झदाचू, नो न्ये रिशील.'

माझं पहिलं मराठी होतं, 'तो बराच वेळ गणित सोडवत होता, पण त्याने सोडवलं नाही.' वाचून पाहा. वाटतं की त्याने हट्टाने सोडवलं नाही, किंवा कंटाळून उठून गेला. मूळ वाक्यात मात्र तो हरला आहे. मराठीत इथे फार चांगली सोय आहे: 'तो बराच वेळ गणित सोडवत होता, पण सुटलं नाही.' 'सोडवणे' ही माणसाची खटपट, 'सुटणे' हे गणिताचं वागणं. यशाची बाजू कर्त्याकडून काढून वस्तूकडे दिली की रशियन पूर्ण रूपाचा नकार अचूक उतरतो.

ही युक्ती एकदा हाती लागली की सगळीकडे दिसायला लागते. 'उगवारिवत्य' म्हणजे समजूत घालणे, 'उगवरीत्य' म्हणजे समजूत पटणे. 'तासभर तिची समजूत घालत होतो, पण पटलं नाही.' 'लवीत्य' म्हणजे मासे धरणे, 'पय्मात्य' म्हणजे मासा सापडणे. 'दिवसभर गळ टाकून बसला होता, एकही मासा गावला नाही.' आणि ती माझी परीक्षा: 'स्दवात्य' परीक्षेला बसणे किंवा परीक्षा देणे, 'स्दात्य' पास होणे. बघा, इथे अपूर्ण रूपाचं मराठी 'परीक्षा दिली' असं सरळ भूतकाळी आहे. 'देत होता'ची गरजच नाही.

कॉर्पसमध्ये खात्री कशी करायची तेही सांगते. शोधपेटीत आधी сдавал टाका, मग сдал. पहिल्याच्या वाक्यांत किती वेळा, कुठे, कोणाकडे परीक्षा दिली अशा गोष्टी वाचायला मिळतील. दुसऱ्याच्या वाक्यांत निकाल दिसेल, आणि पुढे काय झालं ते. वीसेक वाक्यं वाचली की वहीतली नोंद आपोआप नीट होते.

मात्र सगळ्याच क्रियापदांत ही धडपड नसते. 'लिहिणे', 'खाणे', 'चालणे' यांच्या अपूर्ण रूपात अपयशाची शंका नसते. तिथे 'प्रयत्न केला' असं भलतंच घुसडू नका.

4. दुसरा प्रश्न: आत्ता शिल्लक आहे का?

मला या विषयाची गोडी लागली ती इथे. दोन वाक्यं घ्या:

'क्तो अत्क्रील अक्नो?'
'क्तो अत्क्रिवाल अक्नो?'

पहिल्यात पूर्ण, दुसऱ्यात अपूर्ण. दोन्हींत खिडकी उघडण्याची क्रिया पुरी झाली आहे, त्यात वाद नाही. पण पहिलं वाक्य बोललं जातं तेव्हा खिडकी उघडीच आहे, गार वारा आत येतोय. दुसरं बोललं जातं तेव्हा खिडकी बंद आहे, आणि बोलणाऱ्याला जाणवतंय की मधे कुणीतरी ती उघडली होती. खोली गार पडलीय, किंवा खिडकीतली कुंडी हललीय.

याचं मराठी वरच्या वाक्यातच येऊन गेलंय! 'खिडकी कोणी उघडली?' आणि 'खिडकी कोणी उघडली होती?' 'होती' हा एकच शब्द सगळं काम करतो. तसंच 'प्रिशोल द्रूक' म्हणजे 'मित्र आलाय', अजून बसलाय, चहा ठेवा. 'प्रिखदील द्रूक' म्हणजे 'मित्र आला होता', किंवा त्याहून सुंदर, 'मित्र येऊन गेला'. रशियनचं एक अपूर्ण रूप आणि आपलं 'येऊन जाणे', इतकं बेतशीर जुळणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. ग्रंथालयातून पुस्तक 'ब्राल' म्हणजे आणलं होतं आणि परत केलं, 'व्झ्याल' म्हणजे आणलंय.

हे चालतं कुठे? जिथे क्रिया उलटवता येते तिथे. उघडणे आणि बंद करणे, येणे आणि जाणे, घेणे आणि परत देणे, दिवा लावणे आणि मालवणे. लिहिलेलं पत्र 'न लिहिलेलं' करता येत नाही, त्यामुळे 'पिसाल'ला हा अर्थ येत नाही.

याच पायरीवर आणखी एक अपूर्ण रूप बसतं, जे नुसता अनुभव विचारतं. 'वी चिताली एतू क्नीगू?' म्हणजे 'हे पुस्तक तुम्ही वाचलंय का?', आयुष्यात कधीतरी. 'वी प्रचिताली एतू क्नीगू?' म्हणजे 'हे पुस्तक वाचून झालं का?'. दुसऱ्यात विचारणाऱ्याला माहीत आहे की तुम्ही ते वाचायला घेतलं होतं, बहुधा त्याचंच पुस्तक आहे आणि त्याला ते परत हवंय. 'वाचलंय का' आणि 'वाचून झालं का' हा फरक आपण रोज करतो, फक्त त्याला नाव देत नाही.

महाराष्ट्रातली बरीच मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात. तिथल्या दवाखान्यात रुग्णाशी रशियनमध्येच बोलावं लागतं, म्हणून त्यांच्यासाठी हे एक उदाहरण. 'वी प्रिनिमाली लिकार्स्त्वा?' यात डॉक्टर विचारतोय की यासाठी काही औषध घेत होतात का, याआधी घेतलं होतं का. 'वी प्रीन्यली लिकार्स्त्वा?' यात त्याला नेमून दिलेलं औषध घेऊन झालं का, ते कळायला हवंय. पहिल्या प्रश्नाला 'हो, सकाळचीच गोळी घेतली' एवढंच उत्तर दिलं तर आजाराचा इतिहास अर्धाच राहतो.

5. नकार आणि आज्ञा

नकारात दोन्ही रूपांचं मराठी एकसारखं होऊ बघतं. 'या न्ये चिताल' म्हणजे 'मी ते वाचलेलं नाही', तो विषयच नव्हता. 'या न्ये प्रचिताल' म्हणजे 'वाचून झालं नाही', वाचायचं होतं पण राहिलं. कुणाच्या फोनची वाट बघत बसलेल्या बाईच्या तोंडी पूर्ण रूपाचा नकार आला, तर मराठीत 'त्याने फोन काही केला नाही' असं लिहा. तो 'काही' वाट बघणं दाखवतो.

आज्ञेत सरळ नियम असा की करायला सांगताना बहुधा पूर्ण रूप आणि मनाई करताना अपूर्ण. 'झक्रोय द्व्येर्', दार लाव. 'न्ये झक्रिवाय द्व्येर्', दार लावू नकोस. मराठीत काहीच अडचण नाही. गंमत येते ती मनाईत पूर्ण रूप दिसलं की. ती मनाई नसते, धोक्याची सूचना असते. 'न्ये उपदी!' हे लहान मुलाला म्हणतात. 'पडू नकोस' असं कुठली मराठी आई ओरडते? ती ओरडते, 'पडशील!' तेच लिहा. 'न्ये झबूद्य'चं मात्र 'विसरू नकोस हं' असंच येतं. प्रत्येक ठिकाणी भविष्यकाळ कोंबायला जाऊ नका.

उलट बाजूने, पाहुण्याला 'सदीत्येस्य' म्हणतात, अपूर्ण रूपात. ते आग्रहाचं आहे: 'बसा ना'. पूर्ण रूपातलं 'स्याद्त्ये' म्हणजे 'बसा', जसं डॉक्टर तपासायच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणतो. संवादात पात्रांचं नातं कसं आहे हे यावरून कळतं, म्हणून इथे घाई नको.

6. पूर्ण रूपाला 'टाकणे' चिकटवू नका

संयुक्त क्रियापदांचा शोध लागला की नवा अनुवादक खूश होतो आणि प्रत्येक पूर्ण रूपाचं 'लिहून टाकलं', 'खाऊन टाकलं', 'सांगून टाकलं' करत सुटतो. मीही केलंय. एका कथेचा असा मसुदा मी मावशीला वाचून दाखवला. तिने विचारलं, 'या माणसाला सगळ्याची एवढी घाई का आहे गं?'

'टाकणे'मध्ये सुटका आहे, एकदाचं उरकणं आहे. 'काढणे'मध्ये लांब पल्ला ('रात्रीत पुस्तक वाचून काढलं'), 'ठेवणे'मध्ये पुढची तयारी, 'देणे'मध्ये दुसऱ्याचं काम, 'बसणे'मध्ये पश्चात्ताप ('नको ते बोलून बसलो'). रशियन पूर्ण रूप यातलं काहीच म्हणत नाही. ते फक्त म्हणतं की क्रिया टोकाला पोहोचली. म्हणून पूर्ण रूपाचं रोजचं मराठी साधं 'लिहिलं', 'खाल्लं', 'सांगितलं' असंच राहू द्या. 'झालं' लावून ('लिहून झालं') फक्त तिथे लिहा जिथे संपणं हीच बातमी आहे. बाकीची सहायक क्रियापदं मूळ वाक्यात तो भाव असेल तेव्हाच, म्हणजे एखाद्या उपसर्गात किंवा आजूबाजूच्या शब्दांत.

भविष्यकाळाबद्दल एकच सूचना. पूर्ण रूपाला वर्तमानकाळ नसतो. त्याची वर्तमानासारखी दिसणारी रूपं भविष्याची असतात. 'प्रचितायू' म्हणजे 'मी वाचीन', 'मी वाचतोय' कधीच नव्हे. आणि 'बूदू'नंतर फक्त अपूर्ण रूप येतं.

7. एका उताऱ्यावर करून पाहू

हा छोटा उतारा मी सरावासाठी रचला आहे.

'ऊत्रम या पिसाल पिस्मो मात्येरी. दोल्गा पिसाल, झच्योर्किवल, नचिनाल स्नोवा. क अब्येदू नपिसाल, झपिचातल इ अत्न्योस न पोच्तू. व्येचेरम प्रिखदीला ससेद्का, स्प्राशिवला, न्ये पिसाला ली मात्य. या स्कझाल, श्तो पिसाला, नो दव्नो.'

समीकरणाने केलेला अनुवाद असा होईल: 'सकाळी मी आईला पत्र लिहीत होतो. बराच वेळ लिहीत होतो, खोडत होतो, पुन्हा सुरू करत होतो. जेवणापर्यंत लिहून टाकलं, बंद करून टाकलं आणि पोस्टात नेऊन टाकलं. संध्याकाळी शेजारीण येत होती, आई लिहीत होती का असं विचारत होती. मी सांगितलं की लिहीत होती, पण फार पूर्वी.'

शेजारीण दारात अडकून पडल्यासारखी 'येत होती', आणि आई कुठेतरी लेखन करत बसली आहे.

आता प्रश्न विचारत जाऊ. पहिलं 'पिसाल' खरोखरच चालू क्रिया आहे, तिथे 'लिहीत होतो' बरोबर. दुसऱ्या वाक्यातली तीन अपूर्ण रूपं म्हणजे तेच तेच पुन्हा पुन्हा. त्यासाठी मराठीत 'लिहायचं, खोडायचं' अशी चाल आहे. 'नपिसाल' ही बातमी आहे, कारण सकाळभराची खटपट इथे संपते, म्हणून तिथे 'लिहून झालं'. पुढची दोन पूर्ण रूपं एकामागून एक घडलेल्या गोष्टी, त्यांना साधा भूतकाळ. शेजारीण आता घरात नाही, म्हणून 'येऊन गेली'. आईचं 'पिसाला' म्हणजे कधी पत्र आलं होतं का, एवढाच प्रश्न.

'स्प्राशिवला'शी थांबावं लागतं. इथे 'विचारत होती' चालतं, आणि समीकरण चुकूनच बरोबर ठरतं. मराठीतही 'काल तो सांगत होता', 'ती विचारत होती' म्हणताना आपण क्रिया चालू होती असं म्हणत नसतो. दुसऱ्याचं बोलणं फक्त पोहोचवत असतो. रशियन अपूर्ण रूप नेमकं तसंच वापरतं.

'सकाळी मी आईला पत्र लिहीत होतो. बराच वेळ तेच चाललं होतं: लिहायचं, खोडायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. जेवणाच्या वेळेपर्यंत लिहून झालं. पाकीट चिकटवलं आणि पोस्टात नेऊन दिलं. संध्याकाळी शेजारीण येऊन गेली. आईचं काही पत्र आलं होतं का, विचारत होती. आलं होतं म्हणालो, पण त्याला बरेच दिवस झाले.'

हे मावशीला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीवर ती म्हणाली, 'म्हणजे आई रागावलीय वाटतं.' मूळ उताऱ्यात तसं काही नव्हतं. पण 'नपिसाल'आधी तो तीनदा का अडखळला, याचा विचार मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा केला.